टेलर्ड लोकरी कोटाचं वर्णन: आधी टेप, मग काटा, शब्द शेवटी

प्रश्न: पुरुषांच्या टेलर्ड लोकरी कोटाचं ऑनलाइन विक्रीसाठी वर्णन लिहायचंय. कोट गडद निळा, गुडघ्यापर्यंत, सिंगल ब्रेस्टेड. कट, अस्तर, वजन आणि स्टायलिंग या चारही गोष्टी ठळक यायला हव्यात. पुरवठादाराच्या कागदावर फक्त ‘८०% लोकर, २०% पॉलिअमाइड, ८४० ग्रॅम’ एवढंच आहे. माझा मसुदा असा: ‘आलिशान लोकर, रेशमी अस्तर, वजनदार तरीही हलका, ब्लेझरवरही सहज बसणारा, प्रत्येक प्रसंगाला शोभणारा.’ यात काय बदलू?

उत्तर:

तुमच्या मसुद्यात टेप लावून तपासता येईल असं विधान एकच आहे, ‘ब्लेझरवरही सहज बसणारा’. नेमकं तेच चुकीचं निघण्याची शक्यता जास्त, म्हणून तिथूनच सुरुवात करू. बाकीची विशेषणं वाचून गिऱ्हाईक पुढे सरकतं. हे वाक्य मात्र तो खरं मानतो, कोट मागवतो, आरशासमोर ब्लेझरवर चढवतो आणि काखेत आवळला की परत पाठवतो.

कट, अस्तर, वजन आणि स्टायलिंग हे चार सुटे परिच्छेद आहेत असं धरून लिहिलं की वर्णन पोकळ होतं. कोट कशावर घालायचा हे कटच ठरवतो. तो अंगावर जड वाटेल की नाही, हे कापडाच्या वजनाइतकंच खांद्यावर आणि मुंढ्यावर, म्हणजे बाही जोडतात त्या गोल कापावर, अवलंबून असतं. त्यामुळे लिहायला बसण्याआधी एम साइझचा नमुना टेबलावर पसरा आणि टेप व वजनकाटा जवळ ठेवा.

छातीपासून सुरू करा. बटणं लावून कोट सपाट ठेवा, काखेखालून आडवं माप घ्या आणि त्याची दुप्पट करा. ज्याच्या अंगाची छाती १०० सेंमी आहे त्याच्यासाठी बेतलेल्या नेटक्या कोटाला हे माप साधारण ११४ सेंमी भरतं. तुमच्या नमुन्याला वेगळं भरलं तर तोच आकडा घ्या, हिशोबाची रीत बदलत नाही. कागदावर १४ सेंमी मोकळीक दिसते, पण हे माप बाहेरचं आहे. लोकरीचं जाड कापड, कोटाला आकार देणारा आतला कॅनव्हासचा थर आणि अस्तर मिळून सहज ४ मिमी जाडी होते, आणि जाडी वाढली की आतला घेर कमी होतो. घेरातला फरक जाडीच्या सव्वासहा पट असतो, म्हणजे इथे जवळपास अडीच सेंमी. आत उरले १११.५.

आता या घेरात काय बसतं ते बघू. शर्टावर ५ मिमी जाडीचा स्वेटर घातला की अंगाचा घेर ३ सेंमीने वाढतो, १०० चे १०३ होतात. हात हलवायला, खोल श्वास घ्यायला आणि खाली बसायला साडेआठ सेंमी उरतात. हा कोट यासाठीच बेतलाय आणि इथे तो झकास बसेल. पण याच माणसाचा ब्लेझर बाहेरून सुमारे ११० सेंमी असतो. १११.५ च्या घेरात ११० चा ब्लेझर गेला तर उरतो दीड सेंमी. कोट अंगात चढेल, बटणही लागेल, आणि टॅक्सीचं दार उघडायला हात पुढे केला की पाठ ताणली जाईल.

मग ‘ब्लेझरवरही’ हे शब्द खोडायचे का? खोडू नका, अट घाला. पुढच्या साइझला छातीचं माप समजा ६ सेंमीने वाढतं. आतला घेर ११७.५ च्या घरात जातो आणि ब्लेझर घालूनही साडेसात सेंमी शिल्लक राहतात. खांदाही थोडा रुंद होतो, पण खाली ब्लेझरचा खांदा असल्यामुळे तो घसरलेला दिसत नाही. तेव्हा वाक्य असं: ‘शर्ट आणि मध्यम जाडीच्या स्वेटरवर घालण्यासाठी बेतलेला. आत रोज ब्लेझर घालत असाल तर एक साइझ मोठा घ्या.’ स्टायलिंगचा अर्धा भाग इथेच उरकला, आणि तो मापातून आलेला असल्यामुळे कोणी खोडूही शकणार नाही.

कटमधली दुसरी बघण्यासारखी जागा म्हणजे मुंढा. नमुना एखाद्याला घालायला सांगा, सगळी बटणं लावा आणि त्याला दोन्ही हात खांद्याच्या रेषेपर्यंत उचलू द्या. मुंढा काखेजवळ, वर कापलेला असेल तर बाही हलते आणि अंगाचा भाग जवळजवळ जागेवर राहतो. मुंढा खाली उतरलेला असेल तर हाताबरोबर अख्खा कोट वर चढतो, कॉलर मानेपासून सुटते आणि पुढची किनार उघडते. दोन्हीकडे काही मिळतं, काही सोडावं लागतं. वरच्या मुंढ्याचा कोट रेखीव दिसतो आणि हालचालीला बरा, पण काखेत जाड थर सोसत नाही. खालचा मुंढा काहीही पोटात घेतो, पण त्याला टेलर्ड म्हणताना जीभ अडखळायला हवी. तुमचा कोट वरच्या मुंढ्याचा असेल तर ‘उत्कृष्ट फिटिंग’ काढून टाका आणि लिहा: ‘मुंढा वर कापलेला आहे, त्यामुळे हात उचलला तरी कोट जागेवर राहतो.’

उंचीबद्दल ‘गुडघ्यापर्यंत’ पुरत नाही. कोणाच्या गुडघ्यापर्यंत? मागच्या बाजूला कॉलर जिथे जोडली आहे त्या शिलाईपासून कोटाच्या खालच्या काठापर्यंत सरळ माप घ्या. समजा १०४ सेंमी आलं. १७५ सेंमी उंचीच्या माणसाचा गुडघा यात जेमतेम झाकला जाईल. १६५ सेंमीवाल्याच्या गुडघ्याखाली तो चार बोटं उतरेल आणि १८५ सेंमीवाल्याला गुडघ्याच्या थोडा वर संपेल. म्हणून माप द्या आणि फोटोतल्या मॉडेलची उंची व त्याने घातलेला साइझ शेजारी लिहा.

फोटोचा विषय निघाला म्हणून सांगतो. शूटिंगच्या वेळी कोटाच्या पाठीमागे चिमटे लावून कंबर घट्ट दाखवायची पद्धत सर्रास आहे. मी ज्या ठिकाणी वर्णनं लिहायचो त्यांपैकी एका ठिकाणी लिहिणाऱ्याला नुसते फोटो मिळत, माल दिसत नसे, आणि मग चिमट्यांनी तयार केलेली कंबर वर्णनात ‘स्लिम फिट’ म्हणून छापली जाई. तुमच्या कोटाला पुढे कंबरेत टक्स आहेत का, पाठीच्या शिलाया कंबरेशी आत वळल्या आहेत का, हे डोळ्यांनी बघा. छाती आणि कंबर यांच्या मापात दहाएक सेंमी फरक असेल तर ‘कंबरेत हलकासा आकार’ म्हणता येईल. तीन-चारच असेल तर कोट सरळ कटचा आहे आणि तसंच लिहायचं. सरळ कट घेणारा गिऱ्हाईकही असतोच.

आता वजन. पुरवठादाराच्या ‘८४० ग्रॅम’पाशी थांबणं भाग आहे, कारण त्याने कशाचे ग्रॅम ते लिहिलेलं नाही. कापडाचं वजन दोन तऱ्हांनी सांगतात: चौरस मीटरला किंवा सलग मीटरला. कोटाचं कापड बहुतेक वेळा १५० सेंमी पन्ह्याचं असतं, म्हणून एक सलग मीटर म्हणजे दीड चौरस मीटर. ८४० ग्रॅम सलग मीटरचे असतील तर दीडने भागून चौरस मीटरला ५६० ग्रॅम येतात. हे भरगच्च हिवाळी कापड झालं, पण नेहमीच्या वापरातलं. उलट ८४० हे चौरस मीटरचे असतील तर कापड फारच जड, अंगावर पाटीसारखं उभं राहणारं. दोन कोटांची तुलना करणारा गिऱ्हाईक एकाचा ८४० आणि दुसऱ्याचा ५६० वाचून पहिला दीडपट जाड समजेल, आणि प्रत्यक्षात कापड एकच असेल.

पुरवठादाराच्या फोनची वाट बघायची गरज नाही, काटा उत्तर देतो. या लांबीच्या कोटाला सुमारे २.४ मीटर कापड लागतं. सलग मीटरला ८४० धरले तर ते दोन किलोच्या आसपास भरतं. कटिंगमध्ये साधारण पाचवा हिस्सा वाया जातो, म्हणजे राहिलं १.६ किलो. अस्तर, कॅनव्हास, खांद्याची पॅडं आणि बटणं यांचे ३०० ग्रॅम धरा, एकूण १.९ किलो. तोच हिशोब चौरस मीटरचे ८४० धरून केला तर २.७ किलोच्या पुढे जातो. दोन आकड्यांत इतकं अंतर आहे की सामान तोलायचा साधा लटकता काटासुद्धा निकाल देईल. कोट १.९ च्या जवळपास भरला तर वर्णनात दोन्ही आकडे लिहा: कापड ५६० ग्रॅम प्रति चौरस मीटर, एम साइझचा तयार कोट सुमारे १.९ किलो. कापडाचा आकडा जाणकारासाठी आणि किलोचा बाकी सगळ्यांसाठी.

‘वजनदार तरीही हलका’ हे मात्र काढाच. त्यातून जे म्हणायचं आहे ते वेगळ्या रीतीने सांगता येतं. कोटाचं ओझं मानेच्या मागच्या बाजूपासून खांद्याच्या टोकापर्यंत सगळीकडे वाटलं गेलं तर दोन किलो फारसे जाणवत नाहीत. खांद्याचा उतार चुकला तर तेच दोन किलो मानेवर लटकतात आणि तासाभरात मान अवघडते. घातलेल्या नमुन्याच्या खांद्यावर, कॉलर आणि बाहीच्या मध्ये, बोट सरकवून बघा. कापड सगळीकडे टेकलेलं असेल तर ‘वजन खांद्यांवर सारखं पसरतं’ असं खुशाल लिहा. मध्ये पोकळी लागली तर त्या वाक्याच्या वाटेला जाऊ नका.

वजनावरून उबेची हमी देऊ नका, आणि ‘उणे अमुक अंशांपर्यंत’ तर मुळीच लिहू नका. ऊब तंतूंमध्ये अडकलेल्या हवेतून येते आणि वारा आत शिरला की ती जाते. म्हणून सैल विणीच्या जड कापडापेक्षा विणल्यावर मळून दाट केलेलं हलकं कापड वाऱ्यात जास्त उपयोगी पडतं. कापड उजेडासमोर धरा. विणीची भोकं दिसत नसतील आणि पृष्ठभागावर धाग्यांची जाळी जवळजवळ मिटली असेल तर ‘मळून दाट केलेलं, वारा अडवणारं’ असं लिहायला हरकत नाही. पॉलिअमाइडचे २०% लपवू नका. बॅगेचा पट्टा, बाहीची कड, खिशाचं तोंड अशा घासणाऱ्या जागी तो कापडाला टिकाऊपणा देतो. हे कारण आकड्याच्या शेजारी लिहिलं की मिश्रण ही तडजोड वाटत नाही. ‘आलिशान लोकर’ म्हणून टक्केवारी खाली बारीक अक्षरात दिली, तर वाचणाऱ्याला लपवाछपवीचा वास येतो.

अस्तराला तुम्ही ‘रेशमी’ म्हटलंय. ते रेशीम नसेल तर हा शब्द धोक्याचा आहे, कारण कापडाच्या बाबतीत लोक तो शब्दशः घेतात, आणि तक्रार आली तर त्यांचंच खरं ठरेल. साटीन म्हणूनही सुटका नाही. साटीन ही वीण आहे, तंतू कोणताही असू शकतो. आतलं लेबल बघा. व्हिस्कोज किंवा क्युप्रो असेल तर घाम थोडा शोषला जातो आणि कोरड्या थंडीत स्वेटर घासून ठिणग्या उडण्याचा त्रास कमी होतो. पॉलिस्टर असेल तर तो शोषत नाही, पण झिजायला चिवट असतो. दोन्ही विकता येतात, नाव मात्र खरं हवं. बाहीचं अस्तर पुष्कळदा अंगाच्या अस्तरापेक्षा वेगळं असतं, तेही बघून घ्या. स्वेटरची बाही आत अडकते की सुळकन जाते, हे गिऱ्हाईकाला रोज दोनदा कळणार आहे.

अस्तरात माझा डोळा सगळ्यात आधी जातो तो पाठीच्या मध्यावर. कॉलरखाली अस्तराला एक उभी प्लेट दुमडलेली असते, दोनएक सेंमीची. अस्तर लोकरीसारखं ताणत नाही. हात पुढे घेतला की पाठ रुंद होते, लोकर थोडी देते, आणि अस्तराला ती प्लेट उघडून जागा द्यावी लागते. प्लेट नसेल तर पहिल्याच हिवाळ्यात मुंढ्याच्या मागच्या शिलाईपाशी अस्तर उसवायला लागतं. बोटाने प्लेट उघडून बघा, ती नुसती इस्त्रीची घडी नाही ना याची खात्री करा, आणि मग वर्णनात एक ओळ द्या. हा तपशील फार थोडे लोक लिहितात. ज्याचं जुन्या कोटाचं अस्तर फाटलेलं आहे तो ही ओळ दोनदा वाचतो. खाली अस्तर कोटाच्या काठापेक्षा दोन बोटं वर संपतं का, हेही बघा. बाहेर डोकावणारं अस्तर फोटोत सुद्धा लपत नाही.

‘फुल कॅनव्हास’ वगैरे शब्द पुरवठादाराने लेखी दिल्याशिवाय वापरू नका. स्वतः अंदाज घ्यायचा असेल तर पुढच्या भागात, शेवटच्या काजाच्या खाली, बाहेरचं कापड आणि आतलं कापड दोन चिमटींत धरून अलग करून बघा. मध्ये तिसरा सुटा थर हाताला लागला तर कॅनव्हास तिथपर्यंत आहे. नाही लागला तर पुढचा भाग चिकटवलेला किंवा अर्धाच कॅनव्हासचा असेल, आणि त्या बाबतीत गप्प राहिलेलं बरं.

स्टायलिंगला आता थोडंच उरलं. ‘प्रत्येक प्रसंगाला’ याऐवजी दोन ठोस जोड्या द्या, म्हणजे वाचणाऱ्याला स्वतःचं कपाट आठवतं. गडद निळा रंग काळ्या पँटवर संध्याकाळच्या उजेडात काळ्यातच मिसळतो आणि चुकून न जुळलेला वाटतो. राखाडी पँटवर तो निळा दिसतो. गुडघ्यापर्यंतच्या सरळ कोटाखाली फार रुंद पायाची पँट घातली की खालचा भाग जड होतो, सरळ किंवा किंचित निमुळती पँट बरी. चालताना सगळी बटणं, बसताना खालचं उघडं, एवढं सांगितलं तरी पुरे.

हे सगळं जमवलं की वर्णन साधारण असं होईल. आकडे आणि तपशील तुमच्या नमुन्याचे घाला.

‘गडद निळ्या, मळून दाट केलेल्या लोकरीचा सिंगल ब्रेस्टेड कोट. तीन बटणं, कंबरेत हलकासा आकार, मागे खाली उभी चीर. मुंढा वर कापलेला आहे, त्यामुळे हात उचलला तरी कोट जागेवर राहतो आणि त्याचं वजन खांद्यांवर सारखं पसरतं.

कापड ५६० ग्रॅम प्रति चौरस मीटर, ८०% लोकर आणि २०% पॉलिअमाइड. बाहीची कड आणि खिशाचं तोंड लवकर झिजू नये म्हणून हे मिश्रण. एम साइझचा कोट सुमारे १.९ किलो.

पूर्ण अस्तर व्हिस्कोजचं, बाहीत गुळगुळीत, स्वेटर अडकत नाही. हात पुढे घेताना अस्तर ताणलं जाऊ नये म्हणून पाठीत मध्यावर प्लेट आहे.

शर्ट आणि मध्यम जाडीच्या स्वेटरवर घालण्यासाठी बेतलेला. आत रोज ब्लेझर घालत असाल तर एक साइझ मोठा घ्या. राखाडी सरळ पँट आणि उंच गळ्याच्या स्वेटरवर कामाला, गडद जीन्स आणि बुटांवर सुट्टीला.

एम साइझ: छाती बाहेरून ११४ सेंमी, मागची उंची १०४ सेंमी. मॉडेलची उंची १७५ सेंमी, अंगात एम. फक्त ड्रायक्लीन.’

शेवटची ओळ लेबल बघूनच लिहा. प्रत्येक साइझची छाती, उंची, खांदा आणि बाही यांचा तक्ता खाली जोडा. वजन सगळ्या साइझचं देत बसू नका, एकाचं दिलं की अंदाज येतो.

एक ओळ मात्र वर्णनात किंवा पाकिटातल्या चिठ्ठीत नक्की टाका. नव्या टेलर्ड कोटाच्या मागच्या चिरेला फुलीसारखा कच्चा टाका घातलेला असतो, आणि खिशांची तोंडं बरेचदा सैल धाग्याने शिवलेली असतात. वाहतुकीत आकार बिघडू नये म्हणून हे करतात, घालण्याआधी ते कापायचे असतात. पुष्कळांना हे ठाऊक नसतं. फुली तशीच ठेवून चाललं की कोट मागे ओढला जातो, त्याला सुरकुत्या पडतात, आणि ‘पाठीत फिटिंग बरोबर नाही’ अशी तक्रार येते. ‘घालण्यापूर्वी मागच्या चिरेवरचा फुलीचा टाका आणि खिशांवरचा कच्चा धागा बारीक कात्रीने कापा, ब्लेड लावू नका.’ ब्लेडचं मुद्दाम लिहायचं, कारण घाईत धाग्याबरोबर कापडही कापलं जातं आणि तो कोट मग परतही घेता येत नाही.